दूध घालण्याआधी आणि दूध घातल्यावर

सकाळी केलेली कॉफी दुपारी प्यावी का? या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न असतात. ती चवीला राहिली आहे का, हा एक. आणि ती पोटाला बाधेल का, हा दुसरा. काळी कॉफी चवीला तासाभरात उतरते, पण बाधण्याची वेळ बरीच उशिरा येते. दुधाच्या कॉफीचं तसं नाही. ती चवीला अजून बरी लागत असतानाच धोक्याच्या हद्दीत शिरलेली असू शकते. मराठी घरांत कॉफी म्हणजे बहुधा दुधाचीच, जायफळ किंवा वेलदोडा घातलेली. त्यामुळे हा फरक आपल्या कामाचा आहे.

आधी काळ्या कॉफीचं पाहू. ताज्या कॉफीच्या त्या खमंग वासामागे काही गंधकयुक्त द्रव्यं असतात. ती कपातून उडून जातात म्हणून वास जातो, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. थॉमस हॉफमन आणि पीटर शिबेर्ले या जर्मन संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की कॉफीला तपकिरी रंग देणारी मेलॅनॉइडिन नावाची द्रव्यंच या सुगंधी द्रव्यांना धरून ठेवतात. म्हणजे वास बाहेर पळतो तसा कॉफीच्या आतही अडकून पडतो. झाकण कितीही घट्ट लावलं तरी जुनी कॉफी ताजीसारखी का लागत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

दुसरा बदल आंबटपणाचा. कॉफी बराच वेळ गरम राहिली की तिच्यातल्या काही संयुगांचं पाण्याशी संयोग होऊन क्विनिक आम्लात रूपांतर होतं आणि ती आंबूस, तुरट लागू लागते. मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेल्या कॉफीची चव बिघडते ती यामुळे. हा आंबटपणा जंतूंचा नाही, त्यामुळे अशी कॉफी नकोशी वाटली तरी ती नासलेली असतेच असं नाही. कॅफीन मात्र जागच्या जागी राहतं. शिळी कॉफीसुद्धा तितकीच झोप उडवते.

काळी कॉफी लवकर नासत नाही, याची कारणं साधी आहेत. ती उकळीच्या जवळच्या पाण्यात होते, ती थोडी आम्लधर्मी असते आणि जंतूंना पोसणारं तिच्यात फार काही नसतं. झाकून ठेवलेली काळी कॉफी खोलीच्या तापमानाला त्या दिवसापुरती चालते. चवीसाठी मात्र पहिला अर्धा तास, फार तर तास धरावा. रात्रभर बाहेर राहिलेली ओतून द्यावी. पावसाळ्यातल्या दमट हवेत तशीच राहिली तर दोन-चार दिवसांत वर पातळ साय धरल्यासारखा थर किंवा बुरशीचे ठिपके दिसू शकतात. थर काढून खालची कॉफी वापरणं चुकीचं आहे, कारण बुरशी वर दिसते तेवढीच नसते.

दूध पडलं की हे सगळं गणित बदलतं. दुधात प्रथिनं आहेत, साखर आहे, पाणी आहे. जंतूंना आणखी काय हवं? साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते जोमाने वाढतात, आणि अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या २० मिनिटांत दुप्पट होते. या वेगाने दोन तासांत एकाचे ६४ होतात, तर पाच तासांत ३२ हजारांच्या वर. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याचा नाशवंत पदार्थांसाठीचा नियम असा आहे, की असा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हा एक तासच खरा समजायचा.

इथे घरोघरी एक उपाय केला जातो: राहिलेली कॉफी पुन्हा उकळायची. उकळल्याने बरेच जंतू मरतात, पण काही जंतूंनी तोवर सोडलेलं विष उकळीलाही दाद देत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं विष असंच आहे. पाच तास ओट्यावर राहिलेली दुधाची कॉफी उकळून सुरक्षित होत नाही. दूध फाटलं नाही म्हणजे ती चांगली आहे, हेही खरं नाही. फाटणं ही बिघडल्याची खूण आहे, पण न फाटणं ही चांगली असल्याची खूण नव्हे.

आता थर्मास. जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली दुहेरी भिंतींचं निर्वात भांडं बनवलं, ते अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी. थर्मास उष्णता निर्माण करत नाही, फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे त्यात कॉफी किती तास टिकेल, यापेक्षा ती किती तास ६० अंशांच्या वर राहील, हे विचारायला हवं.

समजा, पहाटे पाच वाजता एका कुटुंबाने दादरहून निघताना थर्मास भरला आहे आणि कॉफी दहा वाजता प्यायची आहे. थर्मास आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं तापवला, पाणी ओतून लगेच उकळती दुधाची कॉफी काठोकाठ भरली आणि मध्ये उघडला नाही, तर चांगल्या थर्मासात ती दहा वाजताही ६० च्या वर असू शकते. तोच थर्मास न तापवता अर्धा भरला आणि वाटेत दोनदा उघडला, तर ती आठलाच कोमट झालेली असते. दोन तासांची मोजणी मग आठपासून, आणि दहाला ती संपते. जवळ थर्मामीटर नसेल तर ओळखायची खूण ही: ६० अंशांची कॉफी सरळ घोट घेऊन पिता येत नाही, फुंकून फुंकून प्यावी लागते. सहज गिळता आली तर मोजणी सुरू झाली आहे असं समजावं.

याहून चांगली युक्ती म्हणजे थर्मासात काळी कॉफीच न्यावी आणि दूध पिताना घालावं. मग वेळेची चिंता चवीपुरती उरते. दूध पावडरीचं पाकीट सोबत ठेवलं की झालं.

फ्रिजसाठीही हेच धोरण बरं. माटुंग्यातल्या दाक्षिणात्य घरांत डिकॉक्शन आणि दूध शेवटपर्यंत वेगळं असतं, आणि ही पद्धत टिकवण्याच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. घट्ट डिकॉक्शन काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ४ अंशांच्या आसपास तीन-चार दिवस राहतं. चव पहिल्या दिवशी सर्वांत चांगली, नंतर उतरत जाते. झाकण हवंच, नाहीतर शेजारच्या कापलेल्या कांद्याचा वास कॉफीला लागतो. ते गरम गरम आत न ठेवता, भांडं गार पाण्याच्या परातीत थोडा वेळ ठेवून निववावं आणि मग फ्रिजमध्ये सारावं. दूध घातलेली कॉफी असेल तर ती दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशीच संपली पाहिजे.

एक जागा मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे थर्मासच्या झाकणातली रबरी चकती. दुधाचा अंश तिच्या खाचेत राहतो, आणि ताजी कॉफी भरल्यावरही आंबूस वास येतो तो तिथूनच. दुधाची कॉफी नेली त्या दिवशीच चकती काढून गरम पाण्याने आणि साबणाने धुवावी, आणि झाकण न लावता थर्मास उलटा ठेवून पूर्ण वाळू द्यावा.