प्लॉट थेट विकला, तरी दलाल कमिशन मागतोय? उत्तरात काय लिहाल?

समजा, वर्ध्यातला 20 लाखांचा प्लॉट तुम्ही शेजाऱ्याला थेट विकला. आता दलाल 2 टक्के, म्हणजे 40 हजार रुपये मागतोय. द्यायचे का?

उत्तर एका प्रश्नावर ठरतं: गिऱ्हाईक कोणी आणलं?

1950 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे कोलकात्याच्या एका मालमत्तेचा असाच वाद आला होता. दलालाने खरेदीदार शोधून दिले, पुढे मालकाने व्यवहार स्वतः केला. कोर्टाने कमिशन दलालाच्या बाजूने दिलं. म्हणजे ‘सौदा थेट झाला’ एवढं म्हणून सुटका होत नाही. पण खरेदीदार दलालामार्फत आलाच नसेल, तर साधारणपणे त्याचा हक्क बनत नाही.

म्हणून आधी दलालाशी झालेला करार आणि व्हॉट्सअॅप चॅट तपासा. ‘विक्री कोणामार्फतही झाली तरी कमिशन’ असं मान्य केलं असेल, तर बाजू कमकुवत होते.

तसं नसेल, तर लेखी कळवा:

“आपण या खरेदीदाराची ओळख करून दिली नाही किंवा त्याला प्लॉट दाखवला नाही. ते माझे शेजारी असून त्यांनी स्वतः संपर्क केला. त्यामुळे कमिशनची मागणी अमान्य आहे. आपल्याकडे पुरावा असल्यास पाठवावा.”

‘थोडं नंतर देतो’ असं मात्र चुकूनही लिहू नका. ती देणं असल्याची कबुली ठरू शकते. वकिलामार्फत नोटीस आली असेल, तर उत्तरही वकिलाकडूनच द्या.