पाठ किती वळली?

महाडहून वरंध घाटाने भोरकडे किंवा पोलादपूरहून आंबेनळीने साताऱ्याकडे जत्रेची कुस्ती बघायला जाणाऱ्यांना हिशेब पाठ असतो: पाठ टेकली की कुस्ती निकाली. फ्रीस्टाइलमध्ये मात्र पाठ टेकण्याआधी ती किती वळली, यालाही गुण आहेत.

जानेवारी २०२३, पुण्याच्या कोथरूडमधली महाराष्ट्र केसरी. माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाह्यांगी टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. 'चार कसे? दोनच हवेत!' असा वाद राज्यभर पेटला. पंच बरोबर की चूक, हे इथे ठरवायचे नाही. वाद नेमका कशावर होता, ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रतिस्पर्ध्याला खाली आणून पाठीमागून ताबा घेतला, तर दोन गुण. पण त्याच डावात तो थेट धोक्याच्या स्थितीत पडला, तर चार. धोका म्हणजे पाठीची रेषा आणि गादी यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी होणे. मल्ल अगदी कुशीवर पडला तर पाठ गादीला काटकोनात उभी राहते. खांदा जरासा मागे कलला की कोन घटतो आणि गुण दुप्पट होतात. टांगेत पाय अडकलेला मल्ल पडतापडता पोटाकडे वळायची धडपड करतो, ती याचसाठी. हे सगळे क्षणार्धात घडते. एका बाजूने बघणाऱ्याला पाठ वळलेली दिसते, दुसऱ्या बाजूने फक्त कूस.

दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच थांबते; हा तांत्रिक गुणाधिक्यावर विजय. इथे एकूण गुण नव्हे, फरक मोजतात. बीडच्या राहुल आवारेने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम लढतीत १५ गुण मिळवले, पण कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीचे सात होते. फरक आठच, त्यामुळे तीन-तीन मिनिटांच्या दोन्ही फेऱ्या पूर्ण खेळाव्या लागल्या.

चितपटीपुढे मात्र कोणतीच आघाडी टिकत नाही. नऊ गुणांनी पुढे असलेलाही हरतो. अट एवढीच, की दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले पाहिजेत आणि वरच्याचा पूर्ण ताबा पंचाला दिसेल इतका वेळ ते दाबलेले राहिले पाहिजेत. डोके आणि पाय रोवून कमान केलेला मल्ल धोक्यात असतो, पण चीत नसतो. म्हणून पंच गादीवर आडवा होऊन खांद्याखालची फट बघतो. एकट्याने तो निकाल देत नाही. साहाय्यक पंच किंवा गादीप्रमुखाचा होकार आला, की गादीवर हात आपटून शिट्टी वाजवतो.

कोथरूडमध्ये वादाच्या त्याच दिवशी किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेने गायकवाडला मिनिटभराच्या आतच चीत केले. तिथे गुणफलकाकडे बघायची कुणाला गरजच पडली नाही.