नोटीस पिरियडची किंमत

२०२३ साली दुबईच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. घरी पेढे वाटून झाले आणि मग अडचण लक्षात आली. पुण्यातल्या माझ्या कंपनीत नोटीस ९० दिवसांची, आणि दुबईवाल्यांना मी ३० दिवसांत हवा होतो. एचआरने सांगितलं, "उरलेल्या ६० दिवसांचे पैसे भरा, चार लाख." माझा पगार महिना दोन लाख, त्यामुळे हिशोब बरोबर वाटला. फ्लॅटचे हप्ते चालू असताना एवढी रक्कम कुठून आणायची?

रात्री बाबांनी विचारलं, "अरे, नेमणूकपत्रात काय लिहिलंय?" सात वर्षांपूर्वी सही केलेला तो कागद शोधून काढला. त्यात भरपाई 'मूळ वेतना'वर लिहिली होती. माझं बेसिक ८० हजार, म्हणजे दोन महिन्यांचे १ लाख ६० हजार. ते कलम दाखवल्यावर एचआरने आकडा बदलला. पैसे घेऊन लवकर सोडायचं की नाही, हे मात्र कंपनीच्या मर्जीवर होतं. म्हणून ३० दिवसांत सोडण्याची तारीख, रक्कम आणि रिलीव्हिंग लेटर मिळेल हे ईमेलवर लेखी घेतलं.

मग दुबईच्या रिक्रूटरशी बोललो. "जास्त द्या" असं म्हटलं नाही. तो ईमेल पाठवला आणि म्हटलं, "तुम्हाला मी दोन महिने आधी हवा असेन, तर एवढा खर्च येतो." पगाराचा आकडा वाढवणं कंपन्यांना जड जातं, कारण तो दर महिन्याला द्यावा लागतो. साइन-ऑन एकदाच द्यायचा असतो. त्या वेळच्या दराने साधारण ७,२०० दिरहम होत होते, तेवढे मंजूर झाले. दुबईत पगारावर आयकर नाही, म्हणून रक्कम पूर्ण हातात आली. ब्रिटन-अमेरिकेत जाणाऱ्यांनी कर धरून मागावं. एक तृतीयांश कर कापला जाणार असेल, तर १ लाख ६० हजार हातात पडायला २ लाख ४० हजार मागावे लागतात.

दोन गोष्टी ऑफर लेटरमध्ये नीट वाचा. साइन-ऑन पहिल्या पगाराबरोबर येणार होता, पण पुण्यातली कपात शेवटच्या हिशोबातच झाली. मधले काही आठवडे मी बाबांच्या एफडीवर काढले. दुसरं म्हणजे परतीची अट. वर्षाच्या आत सोडलं तर पूर्ण रक्कम परत, असं पहिल्या मसुद्यात होतं. ते बदलून राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात करून घेतलं, आणि कंपनीनेच काढलं तर काही परत करायचं नाही, हेही लिहून घेतलं.

बाबांच्या एफडीचे पैसे दुसऱ्या महिन्यात परत केले. ते नेमणूकपत्र आता इथल्या कपाटात वरच्याच फाइलमध्ये आहे.