एका कॉपीचा रेट सांगा

‘नमस्कार भाऊ, शाळेची पंचाहत्तरीची स्मरणिका काढायची आहे. साधारण शंभर पानं, पाचशे कॉप्या. कागद चांगला हवा, कव्हर कलर. एका कॉपीचा रेट सांगा. जरा लवकर.’

माजी विद्यार्थी मंडळाचा कुणी उत्साही कार्यवाह व्हॉट्सअ‍ॅपवर असा निरोप टाइप करतो आणि तोच तीन मुद्रकांना पाठवतो. संध्याकाळपर्यंत उत्तरं येतात. पहिला म्हणतो, ‘सर, ९५ पडेल.’ दुसरा म्हणतो, ‘१६० प्लस जीएसटी.’ तिसरा म्हणतो, ‘फाइल पाठवा, बघून सांगतो.’ मंडळाच्या ग्रुपवर लगेच निकाल लागतो की दुसरा लुटारू आहे, तिसऱ्याला काम नको आहे आणि पहिला आपला माणूस आहे.

खरं तर तिघांत प्रामाणिक उत्तर तिसऱ्याचं आहे. उरलेल्या दोघांनी दोन वेगळ्या पुस्तकांचे भाव सांगितले आहेत. ‘शंभर पानं’ म्हणजे शंभर पृष्ठं की शंभर कागद, म्हणजेच दोनशे पृष्ठं? आकार वहीएवढा की ए-४? पहिल्याने कदाचित लहान आकार, ७० जीएसएमचा साधा मॅपलिथो, लॅमिनेशन नसलेलं कव्हर आणि मधोमध पिना धरल्या असतील. दुसऱ्याने ए-४ आकार, आत रंगीत पानं आणि परफेक्ट बाइंडिंग धरलं असेल. दोघांपैकी कुणी खोटं बोललेलं नाही. निरोपात जे लिहिलं नव्हतं ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने भरून घेतलं, एवढंच. काम हातात आल्यावर पहिला म्हणणार, ‘सर, तुम्ही लॅमिनेशन बोललाच नव्हता,’ आणि ते खरंच असेल.

हा निरोप ईमेलमध्ये उतरवताना पहिलं काम म्हणजे त्यातली विशेषणं खोडणं. चांगला, कलर, साधारण, लवकर या प्रत्येक शब्दाच्या जागी आकडा, मालाचं नाव किंवा तारीख यायला हवी. त्यासाठी फार ज्ञान लागत नाही. आवडलेली एखादी जुनी स्मरणिका घेऊन कुठल्याही छापखान्यात जायचं आणि विचारायचं, ‘हा कागद कुठला, किती जीएसएमचा?’ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आतल्या काळ्या-पांढऱ्या मजकुराला ७० किंवा ८० जीएसएमचा मॅपलिथो नेहमी वापरतात. ७० वर मागची अक्षरं थोडी दिसतात, ८० वर कमी. फोटो आणि रंगीत जाहिराती यांना १३० जीएसएमचा आर्ट पेपर शोभतो, कव्हरला ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड.

पानांचा आकडा मात्र आपल्या मर्जीने ठरत नाही. मोठ्या तावावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की १६ पृष्ठांचा एक फॉर्म होतो. लहान यंत्रावर तो ८ पृष्ठांचा होतो. म्हणून १०० पृष्ठांची स्मरणिका हे अडचणीचं काम आहे. सहा फॉर्म म्हणजे ९६, आणि वरची चार पृष्ठं वेगळी छापून जोडावी लागतात. रंगीत पानांचंही तसंच. ‘दर आठ-दहा पानांनंतर एक रंगीत पान’ ही मंडळाची हौस खर्चिक पडते, कारण ती पानं वेगवेगळ्या फॉर्ममध्ये विखुरली की तेवढ्या फॉर्मना चारही रंगांच्या प्लेटा लागतात. सगळ्या रंगीत जाहिराती आणि फोटो एकाच १६ पृष्ठांच्या फॉर्ममध्ये गोळा केले तर खर्च तिथेच थांबतो. आपल्या उदाहरणात म्हणून आपण ९६ पृष्ठं काळी आणि १६ रंगीत, अशी एकूण ११२ धरू.

दुसरं काम म्हणजे निरोपात आलंच नव्हतं ते शोधणं. अक्षरजुळणी कोण करणार? मुद्रितं किती वेळा तपासायला मिळणार? माल शाळेत पोहोचवायचा की आपण टेम्पो पाठवायचा? भांडणं बहुतेक वेळा इथेच होतात. ‘मॅटर तयार आहे’ असं कार्यवाह म्हणतो तेव्हा त्याच्याकडे वर्डच्या तीस फाइली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले जाहिरातींचे फोटो असतात, आणि मुद्रकाला वाटतं की छपाईयोग्य पीडीएफ येणार. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र बारीक होऊन येतं. पडद्यावर ते ठीक दिसतं, ए-४ पानभर छापलं की फाटतं. जाहिरातदारांना ते डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलवर पाठवायला सांगावं.

तिसरं काम तारखांचं. ‘लवकर’ हा शब्द मुद्रकाला काहीच सांगत नाही, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. कार्यक्रमाच्या दिवसापासून उलटं मोजत यायचं. समारंभ १० जानेवारीला असेल तर प्रती ६ जानेवारीला शाळेत हव्यात. छपाई, शाई वाळणं, लॅमिनेशन आणि बाइंडिंग यांना दोन आठवडे धरले तर अंतिम मंजुरी २२ डिसेंबरला द्यावी लागते आणि फाइल १८ ला. याचाच अर्थ मुद्रक ८ तारखेला ठरायला हवा आणि दरपत्रकं ५ ला हातात हवीत. डिसेंबरात छापखाने दिनदर्शिका आणि डायऱ्या यांत बुडालेले असतात, त्यामुळे इथे चार दिवस गेले तर ते पुढे भरून निघत नाहीत.

एवढं झाल्यावर पत्र आपोआप उतरतं. ते असं:

विषय: दरपत्रक मागणी – स्मरणिका, ५०० प्रती – उत्तराची मुदत ५ डिसेंबर, सायं. ५

स.न.वि.वि.
आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या छपाईसाठी आपलं दरपत्रक हवं आहे. तपशील पुढीलप्रमाणे:

आकार: ए-४, उभा (छाटणीनंतर २१० × २९७ मिमी)
पृष्ठं: ११२, कव्हर वेगळं
आतील ९६ पृष्ठं: एकरंगी, ८० जीएसएम मॅपलिथो
आतील १६ पृष्ठं: चाररंगी, १३० जीएसएम आर्ट पेपर, एकत्र एका फॉर्ममध्ये
कव्हर: ३०० जीएसएम आर्ट कार्ड, चारही बाजू चाररंगी, बाहेरून मॅट लॅमिनेशन
बांधणी: परफेक्ट बाइंडिंग, कण्यावर नाव
फाइल: छपाईयोग्य पीडीएफ आम्ही देऊ (३ मिमी ब्लीडसह)
प्रूफ: कव्हर व रंगीत पृष्ठांचं रंगीत प्रूफ, इतर पृष्ठांचं साधं
पोहोच: शाळेच्या कार्यालयात, २५ प्रतींचे गठ्ठे

तारखा: फाइल १८ डिसेंबर, प्रूफ २० डिसेंबर, आमची मंजुरी २२ डिसेंबर, प्रती ६ जानेवारी.

कृपया (१) ५०० आणि (२) ६०० प्रतींची एकूण रक्कम स्वतंत्र द्यावी. जीएसटी, वाहतूक आणि आगाऊ रकमेची अट वेगळी दाखवावी. दर ३१ डिसेंबरपर्यंत कायम राहावेत. वरील तपशिलापेक्षा स्वस्त किंवा चांगला पर्याय सुचवायचा असल्यास तो याच पत्रात खाली वेगळा लिहावा, मूळ दरात मिसळू नये. आपण वापरता त्या ८० जीएसएम कागदाचा नमुना सोबत द्यावा.

शंका ३ डिसेंबरपर्यंत ईमेलने विचाराव्यात. त्यांची उत्तरं सर्वांना पाठवली जातील. मुदतीनंतर आलेली दरपत्रकं विचारात घेता येणार नाहीत. निर्णय ८ डिसेंबरला कळवू.

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम लिहिल्या आहेत. सहाशे प्रतींचा भाव वेगळा मागितला, कारण प्लेट आणि यंत्राची जुळवाजुळव यांचा खर्च पहिल्या प्रतीलाच होऊन जातो. समजा ५०० प्रतींचे ५६,००० आणि ६०० प्रतींचे ६१,००० आले, तर वरच्या शंभर प्रती ५० रुपयांनी पडतात आणि पहिल्या पाचशे ११२ रुपयांनी. ‘एका कॉपीचा रेट’ विचारणाऱ्याला हे दिसतच नाही. मग फेब्रुवारीत शंभर प्रती कमी पडल्या की पुन्हा सगळी जुळवाजुळव करून भलत्याच दराने त्या छापून घ्याव्या लागतात.

पर्यायाची ओळही महत्त्वाची आहे. तपशील घट्ट बांधले की मुद्रकाचं डोकं वापरायची वाट बंद होते. एखाद्याकडे चांगल्या कागदाचा उरलेला साठा असतो, एखादा आकार दोन सेंटीमीटर कमी करून ताव वाचवून दाखवतो. ही सूचना हवीच, पण वेगळ्या ओळीत. ती मूळ दरात मिसळली की पुन्हा आंबे आणि चिकू एकाच तराजूत.

ईमेल तिघांना पाठवताना पत्ते ‘बीसीसी’त टाकावेत, म्हणजे कुणाला कोण स्पर्धेत आहे ते कळत नाही. फोन करायला हरकत नाही, करावाच. पण फोनवर ठरलेली गोष्ट त्याच ईमेलच्या साखळीत लिहून तिघांनाही कळवावी. एकाने विचारलं, ‘कव्हर दोन आणि तीनसुद्धा रंगीतच ना?’ तर उत्तर तिघांना. अशी शंका विचारणारा मुद्रक मला नेहमी भरवशाचा वाटतो. कव्हर छापून झाल्यावर विचारणारा महागात पडतो.

हे सगळं दीडशे पत्रिकांसाठी करू नये. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात नमुना दाखवून भाव विचारला की काम झालं. पण रक्कम पाच आकडी होऊ लागली आणि तारीख पुढे ढकलता येत नसली, तर तासभर खर्चून हे पत्र लिहावं.

लिहिलेल्या तपशिलाचा आणखी एक उपयोग माल आल्यावर कळतो. ए-४ कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा, आणि ९६ पृष्ठांचे ४८ कागद २४० ग्रॅमचे. रंगीत १६ पृष्ठांचे ८ कागद ६५ ग्रॅमचे, कव्हरचे दोन भाग सुमारे ३७ ग्रॅमचे. एकूण प्रत साधारण ३४० ग्रॅमची भरायला हवी. ८० ऐवजी ७० जीएसएम वापरला असेल तर ती ३१० च्या आसपास येईल. दहा प्रती शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवाव्यात. ३ किलो ४०० ग्रॅमच्या जवळ असतील तर ठीक. कागदात थोडा फरक असतोच, तेव्हा पन्नास-शंभर ग्रॅमसाठी भांडू नये. पण ३ किलो १०० ग्रॅम भरल्या तर उरलेले पैसे देण्याआधी ईमेल उघडून बसावं. ‘चांगला कागद’ असं लिहिलेल्याला ही सोय नाही.

ज्याला काम द्यायचं त्याला त्याच साखळीत ‘आपलं दरपत्रक या तपशिलांसह मान्य’ असं उत्तर पाठवा. आणि उरलेल्या दोघांनाही त्याच दिवशी दोन ओळींत नकार कळवा. त्यांनी तुमच्यासाठी हिशेब मांडला आहे, आणि कदाचित तुमच्या तारखेसाठी यंत्रही राखून ठेवलं असेल.