कमिशन नंतर, आधी नकाशा

‘पगार, कमिशन आणि मिश्र पद्धत यांची तुलना करा’ हा सेल्स मॅनेजमेंटच्या पेपरातला नेहमीचा प्रश्न. मुलं तीन रकाने आखतात, फायदे-तोटे भरतात आणि मोकळी होतात. उत्तर चुकीचं नसतं, पण हा पगार कुठल्या गावात फिरणाऱ्या माणसाला द्यायचा आहे, हे त्यात कुठेच येत नाही.

एक मसाल्यांची कंपनी धरू. दोन विक्री प्रतिनिधी, दोघेही सारखेच कष्टाळू. एकाला मिळालं कोल्हापूर आणि इचलकरंजी, दुसऱ्याला गडचिरोलीपासून थेट सिरोंचापर्यंतचा पट्टा. कोल्हापूरकर महिन्याला १० लाखांचा माल विकतो, गडचिरोलीवाला ३ लाखांचा.

आता तिन्ही पद्धती लावून बघा. सरळ पगार ३०,००० असेल, तर दोघांना तेवढेच. नुसतं ५ टक्के कमिशन दिलं, तर कोल्हापूरला ५०,००० आणि गडचिरोलीला १५,०००. मिश्र पद्धतीत १८,००० पगार आणि वर २ टक्के ठेवले, तर ३८,००० आणि २४,०००. विक्री ६ लाख असली, की तिन्ही पद्धतींत बरोबर ३०,०००च पडतात. त्याच्या खाली पगार कंपनीला महाग, त्याच्या वर कमिशन महाग. पण १५,००० घेणारा तो माणूस आळशी आहे का?

ते कळायला कामाचा हिशेब मांडावा लागतो. समजा, दोन्ही भागांत दुकानं सारखीच आहेत. मोठी ६०, त्यांच्याकडे महिन्यातून चार खेपा. मधली १००, दोन खेपा. छोटी १००, एकच खेप. म्हणजे २४०, २०० आणि १००, मिळून ५४० भेटी. शहरात दिवसाला २५ दुकानं होतात, म्हणजे २४ दिवसांत ६००. एक माणूस पुरून उरतो. गडचिरोलीच्या पट्ट्यात दोन गावांच्या मध्येच तास-दीड तास जातो, दिवसाला १२ दुकानं झाली तरी खूप. महिन्याच्या २८८ भेटी. तिथे दोन माणसं हवीत आणि कंपनीने एकच ठेवलाय. वर त्यालाच विचारायचं, ‘सेल का नाही?’

गंमत अशी, की दोन माणसं नेमली तरी प्रश्न सुटत नाही. काम सारखं वाटलं जातं, पण धंदा सारखा वाटला जात नाही. अर्ध्या पट्ट्यात गडचिरोलीवाल्याची विक्री आणखी कमी. म्हणून एकूण विक्रीवर टक्केवारी देण्यापेक्षा, त्या त्या भागाच्या कुवतीनुसार टार्गेट ठरवून, ते किती टक्के गाठलं यावर इन्सेंटिव्ह द्यावा, हे मला जास्त न्याय्य वाटतं. २२,००० पगार, टार्गेट पुरं झालं की वर १०,०००. मग टार्गेट कुणाचं १० लाखांचं असो की ३ लाखांचं.

यातही माणसं पळवाट काढतातच. यंदा ११ लाख विकले म्हणून पुढच्या वर्षी साहेबाने टार्गेट १२ लाख केलं, की हुशार प्रतिनिधी १० लाखांवर हात आखडता घेतो आणि राहिलेल्या ऑर्डरी पुढच्या वर्षाच्या नावावर लावतो. उलट, टार्गेट थोडक्यात हुकत असेल, तर २८-२९ तारखेला डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल मारला जातो. कागदावर सेल दिसतो, माल गोदामातच पडून असतो. हे ओळखायचं कसं? कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल म्हणजे प्रायमरी आणि डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला विकलेला सेकंडरी. महिनाअखेरीस प्रायमरी उडी मारते, सेकंडरी जागची हलत नाही आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ऑर्डरच येत नाही, असं दिसलं की समजावं. इन्सेंटिव्ह सेकंडरीवर दिला, तर हा उद्योग बराच कमी होतो.

औषध कंपनीच्या प्रतिनिधीची गोष्ट वेगळी. तो डॉक्टरला भेटतो, डॉक्टर चिठ्ठी लिहितो, विक्री केमिस्टच्या काउंटरवर होते. कुणामुळे किती खपलं हे नेमकं सांगता येत नाही, म्हणून तिथे पगाराचा भाग मोठा लागतो.

नकाशा आणि पगार यांची आणखी एक गाठ आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. धंदा वाढला आणि कोल्हापूरकराकडून इचलकरंजी काढून नव्या माणसाला द्यायची ठरली. तिथून ३ लाखांची विक्री येत असेल, तर ५ टक्क्यांनी त्याचे दरमहा १५,००० गेले. तो भांडणार, दुकानदारांना फितवणार, कदाचित स्पर्धक कंपनीत जाणार. पगारावर असता तर ‘बरं झालं, फिरणं कमी झालं’ म्हणाला असता. नुसतं कमिशन देणाऱ्या कंपनीचा नकाशा म्हणूनच वर्षानुवर्षं गोठलेला राहतो. अशा वेळी काही कंपन्या जुन्या माणसाला काढून घेतलेल्या भागाचं कमिशन लगेच तोडत नाहीत: पहिली तिमाही पूर्ण, दुसरी अर्धं, मग बंद. तेवढ्यात तो जयसिंगपूरच्या बाजूला नवी दुकानं उघडतो.