गणपतीचा फोटो पाहताना बैठकही पाहा

श्रावण लागला की मूर्तिकारांकडून शाडूच्या गणपतींचे फोटो मोबाइलवर यायला लागतात. सगळे समोरून काढलेले असतात आणि आपलीही नजर मुखावरच थांबते. पण विसर्जन घरीच करायचं असेल, तर मूर्तिकाराकडून आणखी तीन फोटो मागून घ्यावेत: बाजूचा, पाठीचा आणि तळाचा.

समजा, दोन मूर्तींत निवड करायची आहे. पहिली प्रभावळीसकट बारा इंच, सिंहासनावर बसलेली. दुसरी नऊ इंचांची, साध्या पाटावरची. समोरून पहिलीच उठून दिसते. मात्र बाजूच्या फोटोत तिचं पोट सपाट आणि मान पुढे आलेली दिसते. दुसरीत पोटाची गोलाई मांडीपर्यंत सलग उतरते, सोंड मुळाशी जाड असून टोकाकडे निमुळती होत जाते. कॅमेरा खाली धरला की मूर्ती उंच आणि डोकं लहान दिसतं, म्हणून प्रमाण ठरवताना फोटो मूर्तीच्या उंचीवरून काढलेला हवा.

कारागिरी कळते ती डोळ्यांच्या आखणीत. फोटो मोठा करून दोन्ही बुबुळं एकाच दिशेला पाहतात का ते बघावं. बोटं सुटी वाटतात की मातीचा एकच गोळा, हेही तिथेच दिसतं. कानामागे साच्याच्या जोडाची रेघ उरली असेल तर सफाईत घाई झाली आहे. मनगटाशी किंवा सोंडेच्या मुळाशी केसासारखी चीर दिसली तर ती मूर्ती नको. शाडू वाळताना आकसतो आणि अशी चीर पुढे वाढू शकते.

तळाच्या फोटोत रंग न लावलेली राखाडी माती दिसली, तर मूर्ती शाडूची असल्याचा अंदाज येतो. पांढराशुभ्र तळ असेल तर प्लास्टरची शंका घ्यावी. आतून पोकळ मूर्ती भरीव मूर्तीपेक्षा लवकर विरघळते. चकाकणारा ऑइलपेंट पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून जलरंगाची मॅट सफाई बरी.

आता टेप घेऊन बादलीचा तळ आतून मोजावा, कारण बादली खाली निमुळती होते. तळ साडेनऊ इंच भरला, तर सात इंच बैठकीची दुसरी मूर्ती सहज बसते. पहिलीचं सिंहासन अकरा इंचांचं आहे. ती तिरकी अडकेल आणि प्रभावळ पाण्याबाहेर राहील. मुकुट बुडून वर चार बोटं पाणी राहायला हवं.

विसर्जनाआधी हार, वस्त्र, दागिने काढून ठेवावेत. मूर्ती रात्रभर पाण्यात राहू द्यावी. भरीव असेल तर आणखी वेळ लागतो. गाळ मोरीत ओतू नये, शाडू चिकट असल्याने पाइप तुंबतो. वरचं पाणी निथळून माती वाळवावी आणि मूर्तिकार परत घेत असेल तर त्याला द्यावी. कुंडीत घालायची असल्यास बागेच्या मातीत थोडीथोडीच मिसळावी, नाहीतर पाण्याचा निचरा होत नाही.

या दोघींत घरच्या विसर्जनासाठी नऊ इंचांचीच मूर्ती घ्यावी.