रुळांनी मोजलेला फोटो

फोटोत जवळचा ठेंगणा खांब आणि दूरचा उंच खांब अगदी सारखे दिसू शकतात. त्यातला कोणता किती उंच आणि किती लांब, हे सांगायला खरं माप आधीच ठाऊक असलेली एखादी वस्तू त्याच फोटोत असावी लागते. माणसांची उंची वेगवेगळी असते, झाडांची तर विचारायलाच नको. रेल्वेचे रूळ मात्र या कामाला फार चांगले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती साडेपाच फूट अंतरावरच्या रुळांवरून, आणि भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवर आजही तेच अंतर आहे : १६७६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १ मीटर ६८ सेंटिमीटर. ते काही मिलिमीटरपेक्षा जास्त बदललं तर चाकं घसरायची भीती, म्हणून रेल्वेची माणसं ते सतत तपासत असतात. शिवाय हे माप फोटोत एकाच जागी नसतं. पायापासून दूर दिसेनासं होईपर्यंत, प्रत्येक अंतरावर ते हजर असतं.

सरळ मार्गाचा, प्लॅटफॉर्मच्या टोकावरून मोबाइलने काढलेला एक फोटो घेऊ. मोबाइल पुढेमागे न झुकवता, रुळांच्या दिशेला समांतर धरला आहे. दूरवर रुळाशेजारी सिग्नलचा खांब आहे आणि त्याची उंची काढायची आहे. फोटो संगणकावर मोठा करायचा आणि खांब ज्या स्लीपरच्या टोकाशी उभा आहे तो स्लीपर शोधायचा. त्याच स्लीपरवर दोन रुळांमधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजायचं. समजा ते ८० भरलं. आता रुळाच्या पातळीपासून खांबाच्या टोकापर्यंत मोजलं, ते २६० भरलं. २६० भागिले ८० म्हणजे सव्वातीन. खांब रुळांमधल्या अंतराच्या सव्वातीनपट उंच, म्हणजे सुमारे ५ मीटर ४५ सेंटिमीटर.

खरी काळजी घ्यायची ती स्लीपर निवडताना. डोळा नेहमी जवळच्या, ठळक दिसणाऱ्या रुळांकडे ओढला जातो. तिथलं माप घेऊन दूरचा खांब मोजला तर खांब भलताच बुटका ठरतो. खांबाचा पाया खडीच्या उतारावर, रुळापेक्षा खाली असतो. त्यामुळे पायाच्या सरळ रेषेत आडवं बघितलं तरी फसगत होते, कारण ती रेषा अलीकडच्या स्लीपरला जाऊन लागते. म्हणून उंची पायापासून न मोजता रुळाच्या पातळीपासून मोजायची.

आता अंतर. कॅमेऱ्याची काहीही माहिती नसताना खांब किती लांब आहे ते कसं कळणार? इथे स्लीपर कामाला येतात. वस्तू दुप्पट दूर गेली की फोटोत निम्मी दिसते, एवढा एकच नियम लागतो. आपल्या फोटोत जवळच्या एका स्लीपरवर रुळांमधलं अंतर ४०० पिक्सेल आहे. तिथून पुढे मोजत जायचं, ते २०० होईपर्यंत. मध्ये २१ स्लीपर लागले. भारतातल्या मुख्य मार्गांवर साधारणपणे किलोमीटरला १६६० स्लीपर असतात, म्हणजे एकापासून दुसरा सुमारे ६० सेंटिमीटरवर. २१ स्लीपरांचे झाले साडेबारा मीटरच्या थोडे वर. पण रुळांमधलं अंतर निम्मं झालं याचा अर्थ कॅमेऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं. म्हणजे पहिला स्लीपरही कॅमेऱ्यापासून तेवढाच, साडेबारा मीटरच्या थोडा पुढे. खांबापाशी ४०० चे ८० झालेत, पाचवा हिस्सा. तेव्हा खांब पाचपट दूर, सुमारे ६३ मीटरवर.

या रीतीची मोठी सोय अशी, की फोटो झूम करून काढलेला असो, कडा कापलेला असो किंवा फॉरवर्ड होता होता लहान झालेला असो, उत्तर बदलत नाही. सगळी गणितं गुणोत्तरांची आहेत. फक्त फोटो आडवा किंवा उभा ताणलेला नसावा, नाहीतर खांबाची उंची चुकते.

उत्तर बरोबर आहे का, ते फोटोच सांगतो. दोन्ही रूळ सरळ पुढे वाढवले की एका बिंदूत मिळतात. मार्ग सपाट असेल तर तो बिंदू कॅमेऱ्याच्या उंचीवर असतो. खांबापाशी रुळाच्या पातळीपासून त्या बिंदूच्या रेषेपर्यंत ११० पिक्सेल आहेत. ११० भागिले ८०, गुणिले १६७६ मिलिमीटर, म्हणजे २ मीटर ३० सेंटिमीटर. उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटरवर असतो आणि मोबाइल छातीशी धरला तर त्यात दीड मीटर मिळवायचा. बेरीज जुळते. ती ४ मीटर आली असती तर कुठेतरी चुकीचा स्लीपर धरला, किंवा मार्ग चढाचा आहे, असं समजावं. रुळांमध्ये उतरून फोटो काढण्याची मात्र अजिबात गरज नाही. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि बाजूने काढलेल्या फोटोतही हे माप तसंच मिळतं. स्लीपर फोटोच्या खालच्या कडेला समांतर दिसताहेत ना, एवढंच पाहायचं. ते तिरके दिसत असतील तर कॅमेरा वळलेला होता आणि मग साध्या भागाकाराने भागत नाही.

मोजताना आणखी एक चूक हमखास होते. १६७६ हे माप रुळांच्या आतल्या कडांमधलं आहे. रुळाचं डोकं सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असतं. मधोमध ते मधोमध मोजलं तर तेवढी भर पडते आणि उत्तर चार टक्क्यांनी बिघडतं. जवळच्या रुळांवर ही कड स्पष्ट दिसते. ८० पिक्सेलपाशी एका पिक्सेलची चूक म्हणजे ६३ मीटरमागे एक मीटरहून कमी. पण जिथे रुळांमध्ये जेमतेम ८ पिक्सेल उरतात, ती जागा सव्वासहाशे मीटरवर असते, आणि तिथे एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की उत्तर ७०-९० मीटरनी सरकतं. तितक्या दूरच्या वस्तूबद्दल ‘पाचशे ते सातशे मीटर’ असंच म्हणणं प्रामाणिकपणाचं.

एवढं सगळं केल्यावरही गेजच ओळखण्यात गफलत झाली तर मेहनत वाया. जगातल्या बहुतेक रेल्वेंचं प्रमाण माप १४३५ मिलिमीटर आहे, आणि मुंबईची वर्सोवा-घाटकोपर मेट्रोही त्याच मापावर धावते. अंधेरीला ही मेट्रो लोकलच्या रुळांवरून जाते, तेव्हा एकाच फोटोत दोन गेज येऊ शकतात. मेट्रोच्या रुळांना १६७६ लावलं तर प्रत्येक उत्तर जवळपास १७ टक्क्यांनी मोठं येईल. माथेरानच्या छोट्या गाडीचं गेज ६१० मिलिमीटर, तर वऱ्हाडातल्या शकुंतलेचं ७६२.

गाडी दिसत नसेल, ठिकाण माहीत नसेल, तर स्लीपरची लांबी बघावी. ब्रॉडगेजचा काँक्रीटचा स्लीपर २ मीटर ७५ सेंटिमीटर, म्हणजे रुळांमधल्या अंतराच्या सुमारे १.६४ पट. युरोपातल्या प्रमाण मापाच्या मार्गांवर तो साधारण २ मीटर ६० सेंटिमीटरचा, म्हणजे १.८ पट. नॅरोगेजचे पाच फुटी लाकडी स्लीपर जवळजवळ दुप्पट भरतात. जवळच्या एका स्लीपरची दोन्ही टोकं खडीबाहेर दिसत असली, की हा भागाकार करता येतो. जुन्या फोटोंमध्ये मात्र ती टोकं बहुधा खडीत बुडालेली असतात. तिथे डब्याच्या रुंदीशी रुळांचं प्रमाण ताडून पाहावं लागतं, आणि स्लीपर ६० सेंटिमीटरवर आहेत असंही धरून चालता येत नाही. अशा फोटोत खांबाची उंची काढता येते. अंतर सांगायला दुसरा आधार शोधावा लागतो.